सहाशे त्र्याऐंशी

परत एक पेपर सुरू व्हायच्या आधीच फोनवर फिरला. सकाळपासून डोकं भणभणतंय. आणि बातमीखाली प्रतिक्रिया काय, तर मोबाईल जॅमर लावा, सीसीटीव्ही वाढवा. अरे, फोटो निघाला तेव्हा पाकीट आधीच उघडलेलं होतं ना? ते कधी उघडलं, कुणाच्या हातात असताना उघडलं, हे कुणीच विचारत नाहीये.

नोकरीच्या सुरुवातीला परीक्षेचं काम लागलं होतं. सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी प्रश्नपत्रिकांची पेटी माझ्या ताब्यात आली. कुलपाशेजारी नंबर असलेलं प्लास्टिकचं सील होतं. पेटीबरोबरच्या चलनावर त्या नंबराचे शेवटचे तीन आकडे ६३८ आणि सीलवर ६८३. मी दोनदा वाचलं. पेटी घेऊन आलेले गृहस्थ म्हणाले, "सर, लिहिताना आकडे उलटे पडले असतील. मला अजून चार केंद्रं करायचीयत, करा सही." मी सही केली.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते सील म्हणजे कुलूप नाही. साध्या कात्रीने ते क्षणात तुटतं, आणि ते तसंच बनवलेलं असतं. त्याचा सगळा जीव नंबरात. एकदा तोडलं की तेच परत जोडता येत नाही, दुसरं लावावं लागतं आणि दुसऱ्याचा नंबर वेगळा. म्हणजे नंबर जुळवून पाहणारा माणूस नसेल तर ते सील नुसतं शोभेला.

बरं, जुळवायचा कशाशी? आमच्याकडे नंबर लिहिलेलं चलन पेटीबरोबरच, त्याच गाडीतून यायचं. सील बदलणाऱ्याला चलन बदलायला कितीसा वेळ लागणार! नंबर पाठवणाऱ्याकडून वेगळ्या वाटेने, थेट घेणाऱ्याकडे यायला हवा. माझ्याकडे तो तसा आला असता तर मी त्या गृहस्थांच्या तोंडाकडे बघत बसलो नसतो.

छपाईत हीच शिस्त कागदाच्या हिशेबात असते. मशीन लागताना सुरुवातीचे कागद फिकट, तिरके, डाग पडलेले निघतात, आणि प्रश्न त्यांच्यावरही स्पष्ट वाचता येतात. म्हणून आत गेलेले कोरे कागद आणि बाहेर आलेल्या चांगल्या अधिक खराब प्रती यांची बेरीज त्याच पाळीत जुळवायची, खराब कागद दोघांसमोर नष्ट करायचा, प्लेटसुद्धा मोजून ताब्यात घ्यायच्या. दहा कागद कमी भरले तर दार उघडायचं नाही. "रद्दीत गेले असतील" हे उत्तर चालत नाही. आणि मी काय ऐकून घेतलं? "आकडे उलटे पडले असतील."

पेपर काढणाऱ्यांवर सगळे पटकन संशय घेतात. तिथे निदान तीन-चार जणांकडून वेगवेगळे संच मागवून, त्यातला कुठला छापायचा ते त्यांना न सांगता ठरवता येतं. वाहतुकीत असा पडदा नाही. तिथे पेपर एकच असतो आणि हात बदलत जातात.

केंद्रावर पाकीट तपासताना सगळे तोंडाची पट्टी बघतात. उलटं करून तळाचा आणि बाजूचा जोड बघा. तिथे चिकटवण वर आलंय का, कागदाला सुरकुती आहे का, बोट फिरवलं की कळतं. पेटीचंही तेच. कुलूप शाबूत असतं आणि मागच्या बिजागरीच्या स्क्रूवर ताजे ओरखडे असतात. तिकडे वाकून बघतो कोण?

आणि ते ऑफिसातलं वाटप! मोठी पाकिटं आधी फोडायची, वर्गांप्रमाणे गठ्ठे लावायचे. तेवढ्या वेळात एक फोन पुरतो. वर्गाच्या संख्येएवढी छोटी सीलबंद पाकिटं करा, ती वर्गातच, मुलांसमोर फोडा, दोन मुलांच्या सह्या घ्या आणि वेळ लिहा. पाकिटं वाढतात, पॅकिंग किचकट होतं, मान्य. ऐनवेळी फाईल पाठवून केंद्रावरच छापण्याने रस्त्यातला धोका जातो, हेही खरं. पण मग पासवर्ड किती वाजता आला, प्रिंटरजवळ कोण होतं, जास्तीच्या प्रती किती निघाल्या, याची नोंद लागतेच. तिथेही कुणीतरी घाईत सही करणारच.

ते गृहस्थ वाईट नव्हते हो. रात्रभर गाडीत होते, डोळे तांबारले होते. कदाचित आकडे खरंच उलटे पडले असतील. त्या दिवशी कुठे ओरड झाली नाही, पेपर शांतपणे पार पडला. पण पेटी वाटेत उघडली गेली होती की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पाच मिनिटं थांबून एक फोन केला असता तर तेव्हाच कळलं असतं. जुळत नसेल तर निदान चलनावर "सील क्र. ६८३ आढळला" एवढं लिहून खाली सही करायची. तशी ओळ असती तर पुढच्या माणसाला शोध कुठून सुरू करायचा ते समजलं असतं.

त्या चलनावर शेऱ्याचा रकाना होता. मी त्यात लिहिलं, "सुस्थितीत प्राप्त."