ट्यूबलाइटची हिरवी झाक: एका प्रतिक्रियेला उत्तर

ट्यूबच्या उजेडात शूट केलेल्या व्हिडिओवरची हिरवी झाक काढणं हे ‘एका स्लायडरचं काम’ आहे, असं मी लेखात लिहिलं होतं. तो स्लायडर म्हणजे चित्राचा रंग हिरव्याकडे किंवा मजेंटाकडे सरकवणारा टिंट. त्यावर एका वाचकाने लिहिलंय:

«तुम्ही लिहिलंत तसा टिंट मजेंटाकडे नेला. मागची भिंत पांढरी झाली, पण मुलाखत देणाऱ्या बाईंचा खिडकीकडचा गाल जांभळट दिसायला लागला आणि हनुवटीखाली हिरवं तसंच राहिलं. ‘एका स्लायडरचं काम’ ही दिशाभूल आहे.»

तुमची तक्रार रास्त आहे. ते वाक्य मी लेखातून काढतोय. फ्रेममध्ये ट्यूबशिवाय दुसरा उजेड नसेल तरच ते खरं ठरतं.

ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेची एक ठळक रेषा ५४६ नॅनोमीटरला, म्हणजे ऐन हिरव्यात पडते. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ही भर नसते. टिंट मात्र सगळ्या फ्रेमवर सारखाच चालतो, त्यामुळे जिथे जास्तीचं हिरवं नव्हतंच तिथे मजेंटा चढतो.

म्हणून टिंट भिंतीवरून ठरवू नका. भिंतीवर ट्यूबचा उजेड चेहऱ्यापेक्षा जास्त पडलेला असू शकतो. बाईंची कॉलर पांढरी असेल तर ती धरा. रिझॉल्व्ह या व्हिडिओचे रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रावर राइट-क्लिक करून Show Picker RGB Value चालू केलं की आयड्रॉपरखालचे आकडे दिसतात. समजा लाल १६८, हिरवा १८९, निळा १६९ आले. लाल-निळा जवळपास सारखे आहेत, म्हणजे टेम्परेचरला हात लावायची गरज नाही. हिरवा बाकी दोघांच्या पातळीला येईपर्यंत फक्त टिंट हलवा. लाल-निळ्यातच अंतर असतं, तर ते आधी टेम्परेचरने मिटवावं लागलं असतं.

आता खिडकीकडचा गाल. पुढच्या नोडवर, म्हणजे दुरुस्तीच्या पुढच्या टप्प्यावर, त्याभोवती विंडो, म्हणजे बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारा आकार, काढा, कड भरपूर मऊ ठेवा आणि टिंट थोडा हिरव्याकडे परत आणा. दोन्ही गाल एकाच माणसाचे वाटले की थांबा. बाई मान हलवत असतील तर विंडो ट्रॅक करा.

हनुवटीखाली खिडकीचा उजेड पोहोचत नाही, म्हणून तिथे हिरवं उरतं. तिसऱ्या नोडवर Qualifier ने, म्हणजे रंग आणि ब्राइटनेसवरून भाग निवडणाऱ्या साधनाने, तीच सावली उचला, ब्राइटनेसची मर्यादा गडद भागापुरती ठेवा आणि सॅच्युरेशन थोडंच उतरवा. पार शून्यावर नेलं तर कातडी राखेसारखी दिसते. Shift+H दाबून नेमकं काय निवडलं गेलंय ते बघा. मागचं झाडही त्यात आलं असेल, तर हनुवटीभोवती विंडो काढून निवड तेवढ्यापुरती ठेवा. ८-बिट फुटेजमध्ये निवडीची कड पायऱ्यांसारखी तुटते. Blur Radius किंचित वाढवला की ती सांधते.

एवढं करूनही रंग हलताना दिसला, तर क्लिप एकेक फ्रेम पुढे नेऊन बघा. जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो आणि त्याबरोबर रंगही बदलतो. शटर १/५०० सारखं वेगवान असेल तर हिरवी झाक फ्रेमगणिक वेगळी येते. तिथे टिंटचा कुठलाही एक आकडा पुरत नाही. शक्य असेल तर १/५० किंवा १/१०० वर पुन्हा शूट करा.