वकिलाने "बाजू भक्कम आहे" असं लिहिलं, म्हणून तरतूद शून्य होत नाही

"कोर्टात केस चालू आहे म्हणून घाबरू नका. 1) निकाल लागेपर्यंत देणंच नसतं, त्यामुळे प्रोव्हिजन लागत नाही. 2) वकिलाने 'आमची बाजू भक्कम आहे' असं लिहून दिलं की ऑडिटरला बोलायला जागा उरत नाही. 3) वकिलाला पत्र कंपनीने पाठवायचं, उत्तरही कंपनीनेच आणून द्यायचं. उत्तर आलंच नाही तर विषय संपला. 4) प्रोव्हिजन केली म्हणजे कोर्टात चूक कबूल केली. सर्वांना पाठवा."

ऑडिटच्या कामाला नुकत्याच लागलेल्या माझ्या भाचीने हे मला पाठवलं. तिच्या सीनियरनेच ते ग्रुपवर टाकलं होतं. "मावशी, सर म्हणतात प्रॅक्टिसमध्ये असंच चालतं," असं तिने खाली लिहिलं होतं. शिकणाऱ्या मुलांच्या हातात हे असं पडतं याचा मला मनापासून राग येतो, म्हणून हे उत्तर. क्रमाने जाणार नाही, कारण खरा घोळ दुसऱ्या मुद्द्यात आहे आणि त्याला जागा लागेल.

पहिला मुद्दा लगेच निकालात निघतो. प्रोव्हिजन किंवा तरतूद म्हणजे देणं आधीच हिशोबात धरणं, आणि आयएएस 37 या आंतरराष्ट्रीय लेखा मानकात तिच्यासाठी तीन गोष्टी लागतात: घडून गेलेल्या घटनेतून आलेलं आजचं दायित्व, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त असणं, आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज. निकाल त्यात कुठेच नाही. याच मानकासोबत कोर्टातल्या खटल्याचं उदाहरण दिलेलं आहे. एका लग्नानंतर दहा माणसं दगावतात, कदाचित कंपनीने विकलेल्या अन्नपदार्थांमुळे विषबाधा होऊन. दावा दाखल होतो आणि कंपनी जबाबदारी नाकारते. पहिल्या वर्षी वकील सांगतात की कंपनी जबाबदार ठरणार नाही अशीच शक्यता जास्त आहे. म्हणून तरतूद नाही, आणि पैसे जाण्याची शक्यता अगदीच दूरची नसेल तर ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये संभाव्य देणं म्हणून माहिती. पुढच्या वर्षी खटल्यातल्या घडामोडी बघून वकिलांचं मत उलटं होतं आणि तरतूद करावी लागते. निकाल दोन्ही वर्षी लागलेला नसतो. बदललेला असतो तो पुरावा.

चौथ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. समोरचा पक्षही आपला ताळेबंद वाचतो, आणि एकाच मोठ्या खटल्याची रक्कम टिपेत छापली तर तडजोडीच्या टेबलावर तीच त्याची किमान मागणी होऊ शकते. मानकाला हे ठाऊक आहे. माहिती दिल्याने वादातल्या बाजूला गंभीर धक्का बसणार असेल, तर अत्यंत विरळ परिस्थितीत ती न देण्याची मुभा आहे. पण तेव्हाही वाद कशाचा आहे, माहिती दिलेली नाही आणि का दिलेली नाही, हे लिहावंच लागतं. शिवाय ही सवलत टिपेतल्या तपशिलापुरती आहे. देणं हिशोबात न धरण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

तिसरा मुद्दा धोकादायक आहे. आयएसए 501 या ऑडिटच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वकिलाकडे खटल्यांची विचारणा करणारं पत्र व्यवस्थापन तयार करतं हे खरं, कारण अशिलाच्या संमतीशिवाय वकील बोलणार नाही. पण ते पाठवतो ऑडिटर आणि उत्तर थेट ऑडिटरकडे येतं. कंपनीच्या हातून फिरून आलेल्या उत्तरातलं एखादं पान मध्येच राहिलं, तर ते कळायला मार्ग नसतो. आणि उत्तर न येणं हे "वाद नाही" याचं उत्तर नव्हे. मग संचालक मंडळाची इतिवृत्तं, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार आणि कायदेशीर खर्चाचं खातं यांतून पुरावा शोधायचा. त्यातूनही पुरेसा पुरावा मिळाला नाही, तर ऑडिटरला आपल्या अभिप्रायात तसा बदल करावा लागतो. यादीत नसलेल्या वकिलाचं बिल खर्चाच्या खात्यात सापडलं तर तो न सांगितलेला खटला असू शकतो, म्हणून मी भाचीला आधी ते खातं उघडायला सांगितलं.

आता दुसरा मुद्दा. एक कल्पित प्रकरण घेऊ. एका कारखान्याने माल वाहतुकीचा करार मुदतीआधीच तोडला. कंत्राटदाराने उरलेल्या मुदतीसाठी 90 लाखांचा दावा लावला. 31 डिसेंबरला वर्ष संपलं. व्यवस्थापनाच्या यादीत या दाव्यापुढे "अपेक्षित देणं: शून्य" असं आहे आणि वकिलाचं पत्र म्हणतं: "आमच्या अशिलाची बाजू भक्कम असून दावा पूर्ण ताकदीने लढवला जाईल."

हे पत्र फाइलला लावून पुढे जाणारे खूप आहेत. पण वाक्य नीट वाचा. "ताकदीने लढवू" हा इरादा झाला, निकालाविषयीचं मत नव्हे. "बाजू भक्कम" म्हणजे नक्की कशात? करार तोडणं योग्य होतं यात, की 90 लाखांचा आकडा फुगवलेला आहे यात? पहिलं असेल तर कदाचित काहीच द्यावं लागणार नाही. दुसरं असेल तर द्यावं लागणारच आहे, फक्त कमी. तरतुदीचा निर्णय नेमका या फरकावर आहे आणि पत्र त्यावर गप्प आहे.

खर्चाच्या खात्यात त्याच वकिलाचं नोव्हेंबरचं बिल आहे: "तडजोडीच्या मसुद्यावर बैठक." डिसेंबरच्या इतिवृत्तात मंडळाने 40 लाखांपर्यंत तडजोड करायला मंजुरी दिलेली आहे. या दोन कागदांपुढे "शून्य" टिकत नाही. अशा वेळी व्यवस्थापनाच्या परवानगीने वकिलाला पुन्हा लिहायचं, पण मोघम नाही. दाव्यांची यादी, प्रत्येकावर व्यवस्थापनाचा अंदाज खर्चासह, आणि स्पष्ट प्रश्न: हा अंदाज वाजवी आहे का? यादी अपुरी किंवा चुकीची आहे का? गुंता असेल तर प्रत्यक्ष भेट मागायची.

भेटीत वकील सांगतो की करारात नोटिशीची अट होती आणि कारखान्याने ती पाळली नाही. नोटिशीच्या काळाची भरपाई, साधारण 35 लाख, बहुधा द्यावी लागेल. उरलेल्या 55 लाखांवर मात्र कारखान्याची बाजू खरोखरच मजबूत आहे, तरी ते द्यावे लागण्याची शक्यता पूर्ण नाकारता येत नाही. म्हणजे पत्रातलं वाक्य खोटं नव्हतं, ते दाव्याच्या एका तुकड्याबद्दल होतं. मग 35 लाखांची तरतूद आणि 55 लाख टिपेत संभाव्य देणं.

इथे काही जण "हरण्याची शक्यता 50 टक्के, म्हणून 45 लाख" असा गुणाकार करतात. एकसारख्या शेकडो दाव्यांना, उदाहरणार्थ वॉरंटीच्या तक्रारींना, ती सरासरी शोभते. एकुलत्या एका खटल्यात बहुधा सर्वांत संभवनीय निकाल हाच योग्य अंदाज असतो, इतर शक्य निकालांकडे लक्ष ठेवून. 45 लाख हा आकडा तर इथे कोणत्याच निकालात येत नाही.

शिवाय पत्राची तारीख. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातलं पत्र आणि ऑडिटच्या अहवालावर मार्चमध्ये सही, तर मधल्या काळाबद्दल वकिलाला पुन्हा विचारायला हवं. याच प्रकरणात समजा फेब्रुवारीत 38 लाखांवर पूर्ण तडजोड झाली. करार डिसेंबरआधीच तुटला होता, म्हणजे दायित्व वर्षअखेरीला होतंच आणि तडजोडीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून वर्षअखेरीनंतरच्या घटनांबद्दलच्या आयएएस 10 या मानकाप्रमाणे गेल्याच वर्षाच्या हिशोबात तरतूद 35 ची 38 लाख होते, आणि 55 लाखांची टीप काढून टाकायची.