दांडा नसलेल्या नाकाचा गॉगल

पाच वर्षांच्या मुलीला नाक असतं, पण नाकाला दांडा नसतो. दोन भोकं आणि त्यांच्यावर एक गुबगुबीत उंचवटा, बस. गॉगल बनवणाऱ्यांना ही गोष्ट कोणी सांगितलेली दिसत नाही, कारण मुलांचे म्हणून विकले जाणारे निम्मे गॉगल हे मोठ्यांचेच, फक्त आटवलेले असतात. ते ओवीच्या डोळ्यांवर ठेवले की सावकाश घसरत वरच्या ओठापर्यंत येतात आणि तिथे मिशीसारखे बसतात.

मे महिन्यात गुहागरला जायचं होतं, म्हणून गॉगलची मोहीम निघाली. मोहिमेत ओवी, तिचा बाबा, माझ्या सासूबाई आणि मी. ओवीची अट एकच: गॉगल गुलाबी हवा आणि त्यावर मांजर हवं. बाबाची अट: काच काळीकुट्ट हवी, "म्हणजे ऊन लागणारच नाही." सासूबाईंची कुठलीच अट नव्हती, कारण त्यांचा गॉगललाच विरोध होता. "कोकणातली पोरं काय गॉगल लावून जन्मतात का?"

आमच्या ओळखीचे चष्मेवाले काका शांत गृहस्थ आहेत. त्यांनी ओवीचा फुटपाथवर घेतलेला जुना गॉगल मागितला. काळाभोर, आणि काचेवर ऐटीत ‘यूव्ही ४००’ लिहिलेला स्टिकर. ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटर. तिथपर्यंतचे अतिनील किरण अडवतो, असा त्या आकड्याचा दावा. काकांनी स्टिकर नखाने सोलून काढला आणि म्हणाले, "दावा निघाला. आता काच बघू."

काउंटरवर एक डबीएवढं यंत्र होतं. भिंग त्याच्या खाचेत धरलं की आरपार किती अतिनील किरण जातात ते आकड्यात दिसतं. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत ते असतं, पण आपण कधी विचारत नाही. जुन्या गॉगलचा आकडा काकांच्या भुवया वर जाण्याइतपत मोठा आला. मग त्यांनी आपला स्वतःचा बिनरंगी, पाण्यासारखा पारदर्शक पॉलीकार्बोनेटचा चष्मा खाचेत ठेवला. आकडा जवळजवळ शून्य!

बाबाला हे सहन होईना. "पण हा तर पारदर्शक आहे!"

"रंग दिसणाऱ्या उजेडासाठी असतो," काका म्हणाले. "अतिनील किरण अडवणं हे काचेच्या मालाचं किंवा तिच्यावरच्या लेपाचं काम. नुसती काळी काच घातलीत, तर अंधार समजून बाहुली मोठी होते, डोळे बारीक करणंही थांबतं, आणि मोठ्या उघड्या दारातून किरण आत. त्यापेक्षा गॉगल नसलेला परवडला. त्यात लहान मुलांच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग आपल्यापेक्षा नितळ असतं. त्यातून किरण पार पडद्यापर्यंत जास्त पोचतात."

मग ते सासूबाईंकडे वळले. "काकू, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना?"

"ते वयाने झालं," सासूबाई म्हणाल्या.

"वय तर आहेच. पण आयुष्यभराचं ऊनही त्यात हातभार लावतं." सासूबाईंनी विरोध मागे घेतला नाही, पण खुर्ची पुढे ओढून घेतली.

मग फुटपाथवरचं सगळंच वाईट का? मी दुसरा एक स्वस्त गॉगल पर्समधून काढला, शेजारच्या पोराचा, खास तपासायला आणलेला. यंत्राने त्याला पास केलं. काकांनी जरा नाइलाजाने मान्य केलं, की किमतीचा आणि किरणांचा संबंध नसतो. यंत्राचा असतो.

रंग किती गडद घ्यावा, हे काडीच्या आतल्या बाजूला बारीक छापलेलं असतं: गट शून्य ते चार. समुद्रकिनाऱ्यासाठी तीन पुरतो. त्यातून दिसणाऱ्या उजेडापैकी ८ ते १८ टक्केच आत येतो. चार नंबर हिमशिखरांसाठी. बाबाला अर्थातच चार हवा होता. "कोरडी वाळू जवळपास १५ टक्के अतिनील किरण परत वर फेकते, समुद्राचा फेस २५," असं काकांनी सांगितलं तेव्हा तो आणखीच अडून बसला. वाळूचे किरण खालून आणि बाजूने येतात, त्यावर काळेपणा नव्हे तर चेहऱ्याला वळसा घालणारी फ्रेम आणि टोपी लागते, हे त्याला पटायला बराच वेळ गेला.

दरम्यान ओवीला मांजर सापडलं होतं. गुलाबी, झगमगीत. काच मात्र कसल्याशा ठिसूळ प्लास्टिकची. काकांनी डोकं हलवलं. ठिसूळ भिंग चेंडू लागला की टोकदार तुकडे करून फुटतं, तेही डोळ्यापासून बोटभर अंतरावर. अमेरिकेत गॉगलच्या भिंगासाठी परीक्षा ठरलेली आहे: सुमारे १६ मिलिमीटरची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटरवरून भिंगावर टाकायची, ते फुटता कामा नये. आमच्या घरी हीच परीक्षा रोज होते, गोळीच्या जागी चुलतभाऊ असतो. त्यात पॉलीकार्बोनेट टिकतं. त्याचा दोष एकच, ओरखडे पटकन पडतात. म्हणून वरून कडक लेप आहे ना हे विचारायचं, आणि वाळूने माखलेला गॉगल फ्रॉकने पुसायचा नाही, आधी पाण्याखाली धरायचा. ओवी फ्रॉकनेच पुसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. काका विक्रेते असल्यामुळे हसले, मी आई असल्यामुळे नाही.

पुढचा तास पट्ट्यात गेला. पाच वर्षांच्या मुलीच्या कानामागे काड्या रुतल्या, की ती गॉगल फेकते. ताण नसला, तर समुद्र तो घेतो. काकांनी काड्यांच्या टोकांवर चढणारा मऊ, मागे आवळता येणारा पट्टा लावला. डोक्यामागे आणि पट्ट्यामध्ये एक बोट सहज जावं इतकाच घट्ट. सिलिकॉनचा पट्टा केस ओढतो, म्हणून वेणी घालणाऱ्या मुलीला कापडी बरा. आणि जोरात ओढलं की सुटणारी कडी हवीच, कारण हा पट्टा घसरून गळ्यात आला आणि घसरगुंडीत अडकला, तर फास होतो. घसरगुंडीवर, झोपाळ्यावर आणि गाडीत झोपताना पट्टा काढायचा. हे वाक्य काकांनी पुन्हा म्हटलं. एरवी ते काहीच पुन्हा म्हणत नाहीत.

मग आली खरी परीक्षा. "ओवी, बुटाची लेस बघ." गॉगल जागेवर. "मान हलव." जागेवर. "आता हस." ओवी हसली आणि गालांनी गॉगल उचलून कपाळावर नेला. गुबगुबीत गालांच्या मुलांची ही खोड मोजमापात येत नाही, म्हणून दुकानात मुलाला हसवलंच पाहिजे. सासूबाईंनी तोंड वाकडं करून दाखवलं, ओवी खिदळत राहिली, आणि काका एकेक फ्रेम बदलत गेले. शेवटी एक अरुंद, मऊ नाकपट्टीची फ्रेम गालांना पुरून उरली. पापण्याही काचेला टेकत नव्हत्या. पॉलीकार्बोनेट, गट तीन, यंत्रात शून्याच्या जवळ. रंग निळा. मांजर नाही.

मांजराच्या नावाने ओवीने भोकाड पसरलं, तेव्हा सासूबाईंनी तिथल्या तिथे पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि काडीवर दोन कान, दोन डोळे आणि एक नाक चिकटवलं. काचेवर एकही नाही.

"आता तुमचा दाखवा," काका बाबाला म्हणाले आणि यंत्र पुढे सरकवलं.

बाबाचा गॉगल गोव्याहून आणलेला, तिथल्या किनाऱ्यावरच्या विक्रेत्याशी घासाघीस करून. त्याने तो शर्टाच्या खिशातून काढला, पुसला आणि परत खिशात ठेवला.

"माझा नको," तो म्हणाला. "त्याचं चांगलं चाललंय."