कान चौकोनी केले म्हणून उंदीर आपला होत नाही

“फेमस कार्टूनची स्टाइल घ्या, कॅरेक्टर 30 टक्के बदला, झालं तुमचं ओरिजिनल. आणि मिकी तर 2024 पासून फ्रीच आहे, बिनधास्त वापरा.”

कार्टून काढणाऱ्याला असा सल्ला हमखास मिळतो. त्यातलं स्टाइलचं बरोबर आहे, तिथे भांडण नाही. 1920-30 च्या जुन्या कार्टूनमधले नळीसारखे हातपाय, ज्याला रबर होज म्हणतात, ते कुणाच्या मालकीचे नाहीत. कोपर-गुडघा नसला की शेकडो चित्रं भराभर काढता येतात, बोटं चारच ठेवली की काम वाचतं, आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काळा हात काळ्या अंगावर दिसतच नाही म्हणून पांढरे ग्लोव्ह्ज. म्हणजे या सगळ्या कामाच्या सोयी, त्या तेव्हा बऱ्याच स्टुडिओंनी वापरल्या आणि तुम्हीही वापरा.

गडबड त्या 30 टक्क्यांत आहे. असा आकडा कायद्यात कुठेच नाही, ना भारताच्या ना अमेरिकेच्या, आणि चित्राचे टक्के मोजणार तरी कसे, फूटपट्टीने? आपल्या सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये आर. जी. आनंद केसमध्ये कसोटी सांगितली ती साधी आहे: दोन्ही बघितलेल्या माणसाला दुसरं हे पहिल्याचीच नक्कल आहे असं ठामपणे वाटतं का. अमेरिकेत तर 1936 मध्येच जज लर्नेड हँड लिहून गेलेत की किती भाग चोरला नाही हे दाखवून चोरी माफ होत नाही. म्हणजे बदललेलं मोजत बसू नका, काय उरलंय ते बघा.

माझंच सांगतो. मित्राच्या मिसळीच्या दुकानासाठी स्टिकर करायचा होता. पहिला उंदीर काढला, कान चौकोनी, चड्डी निळी, शेपूट जाड, मी खूश. मग पूर्ण आकृती काळी भरली आणि घरात तिघांना विचारलं हे कोण, तिघंही म्हणाले मिकी 🙂 कारण डोक्यावर दोन मोठे कान, फुगलेली चड्डी, काडीसारखे पाय आणि मोठाले बूट हे सगळं एकत्र तसंच होतं. सुटं सुटं कुणाचंच नाही, पण ती जुळणी त्याची.

मग चहाची किटली काढली. ती बरी वाटली, पण भांड्याचं डोकं, बाजूला कान आणि तोटी अशी वर आलेली की स्ट्रॉच वाटावी, म्हणजे 2017 च्या कपहेड गेममधल्या, कपाचं डोकं आणि त्यात स्ट्रॉ असलेल्या हिरोचा चुलतभाऊ. तीही फाडली.

तिसऱ्यांदा उलटं केलं. आधी वस्तू पक्की केली, आजोळचा रॉकेलचा कंदील, आणि प्रत्येक भागाला विचारलं तू काय होणार. काचेच्या दोन्ही बाजूंना ज्या नळ्या असतात ना, त्याच सुटून रबर होजचे हात झाल्या, वात म्हणजे केसांचा झुबका, वात वर-खाली करायची चावी म्हणजे नाक, तळाची टाकी म्हणजे पोट. राग आला की वात वर चढते आणि काच काजळीने काळी होते, मग तो स्वतःच फडक्याने तोंड पुसतो. ग्लोव्ह्ज काढून टाकले, कारण हाच उजेड देणारा, त्याचे हात अंधारात हरवायचा प्रश्नच नाही. चड्डीही नाही. आता काळा भरून दाखवला तर लोक कंदीलच म्हणतात. स्टाइल तीच राहिली, पण हातपाय कुठून आले आणि तो चिडल्यावर काय करतो हे त्या वस्तूतून निघालं. ही घरगुती टेस्ट म्हणजे काय कोर्टाचा निकाल नव्हे हां, पण उघड नक्कल तिथेच सापडते. नावाकडे आणि लकबीकडे मात्र वेगळं बघावं लागतं, ते काळ्या भरलेल्या आकृतीत दिसत नाही.

राहिला “फ्री” मिकी. 1 जानेवारी 2024 ला अमेरिकेत कॉपीराइट संपला तो 1928 च्या स्टीमबोट विली या छोट्या कार्टून फिल्मचा, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, बिनग्लोव्ह्जचा, थोडा उंदरासारखाच दिसणारा मिकी. ग्लोव्ह्ज 1929 मध्ये आले, ते वर्ष 2025 ला खुलं झालं. नंतर कॅरेक्टरमध्ये जे जे नवीन आलं ते आपापल्या वर्षाने सुटणार, त्यामुळे गूगलवर सापडलेला आजचा गोंडस मिकी यात येत नाही. आणि हे अमेरिकेचं झालं, इतर देशांत मुदतीचा हिशोब वेगळा असतो.

शिवाय ट्रेडमार्क वेगळा, तो कॉपीराइटबरोबर संपत नाही. स्टीमबोट विलीमधला शीळ घालणारा तोच मिकी 2007 पासून डिस्नेच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या लोगोत आहे. आता तो मिसळीच्या पाटीवर लावला आणि गिऱ्हाइकाला वाटलं की डिस्नेचं काहीतरी कनेक्शन आहे, तर चित्र कितीही जुनं असो, भांडण उभं राहतं.

मित्राने कंदील घेतला. फक्त म्हणाला, वातीच्या जागी तर्री दाखव.