दारावरच्या चिनी जोडओळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

“वरच्या ओळीतल्या प्रत्येक अक्षराचा सूर खालच्या ओळीत उलटा हवा, असं तुम्ही लिहिलंय. पण तुमच्याच उदाहरणात ‘थ्येन’ आणि ‘छुन’ दोन्ही पहिल्या सुराचे! ‘फू’सुद्धा दुसऱ्या सुराचा, तरी तुम्ही त्याला उलट्या गटात घातलंय. अर्थ जुळला की पुरे, बाकीचं कशाला?”

दाराच्या दोन बाजूंना पट्ट्यांवर लावायच्या जोडओळींवर मी लिहिलं होतं, त्यावर आलेली ही प्रतिक्रिया. पहिली चूक माझी, मान्य. ‘प्रत्येक’ हा शब्द तिथे नको होता. चिनीत प्रत्येक अक्षर चारपैकी एका सुरात, म्हणजे आवाजाच्या ठरावीक चढउतारात, उच्चारतात. ती जोडी सुरांच्या क्रमांकांसह पुन्हा मांडतो:

थ्येन १, त्संग १, स्वेइ ४, युए ४, रन २, त्संग १, शौ ४
छुन १, मान ३, छ्येन २, खुन १, फू २, मान ३, मन २

अर्थ असा: आकाश वर्षं-महिने वाढवतं, माणूस आयुष्य वाढवतो, वसंत आकाश-पृथ्वी भरून टाकतो, भाग्य दार भरून टाकतं. पहिला आणि दुसरा सूर सम गटात येतात, तिसरा आणि चौथा विषम गटात. सम-विषम ही इथे गटांची नावं आहेत, आकड्यांच्या सम-विषमाशी त्यांचा संबंध नाही. आपल्या वृत्तांत दोन्ही ओळींचं लघु-गुरू सारखं चालतं. इथे खालची ओळ वरचीच्या उलट जाते.

मात्र हा उलटेपणा सगळीकडे सारख्या कडकपणे पाळत नाहीत. चिनीत यासाठी तोंडी नियमच आहे: पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या जागेची चौकशी नको, दुसरी, चौथी, सहावी स्पष्ट हवी. कारण सात अक्षरांची ओळ वाचताना दोन-दोन-दोन-एक अशी तुटते आणि आवाज प्रत्येक जोडीच्या दुसऱ्या अक्षरावर टेकतो. कानाला तोच सूर लागतो. म्हणून पहिल्या जागेवर थ्येन-छुन दोन्ही सम असले तरी चालतं. दुसऱ्या जागेवर त्संग सम आणि मान विषम, चौथ्यावर युए विषम आणि खुन सम, सहाव्यावर पुन्हा त्संग-मान. सातवी जागा मात्र कधीच मोकळी नसते: वरची ओळ विषमावर संपते, खालची समावर.

‘फू’चं म्हणाल, तर जुन्या चिनीत प, त, क अशा अटकलेल्या व्यंजनावर संपणारी अक्षरं होती आणि ती विषमात धरली जात. उत्तरेच्या बोलीत ते व्यंजन गळालं आणि ती अक्षरं चारही सुरांत विखुरली. कँटनीजमध्ये हेच अक्षर आजही ‘फुक’ आहे, म्हणजे शंका आली की तिथे ताडून पाहता येतं. जुनी मोजणी धरा किंवा नवी, पण एका जोडीत दोन्ही मिसळू नका. इथे फू पाचव्या जागी असल्यामुळे दोन्ही हिशेबांत जोडी टिकते.

आता अर्थ जुळला की पुरे का, ते करूनच पाहू. वरची ओळ तीच ठेवून खाली असं लिहिलं: छुन लाइ थ्येन श्या, फू लाइ च्या. वसंत जगात येतो, भाग्य घरी येतं. अर्थ छान, अक्षरं सात, शेवटही समावर. तरी जोडी पडते. लाइ दुसऱ्या सुराचा, म्हणजे सम. वर त्संगही सम, त्यामुळे दुसरी आणि सहावी जागा गेली. श्या चौथ्या सुराचा आणि वरचा युएही चौथ्याच, म्हणजे चौथी जागाही गेली. शिवाय ‘थ्येन’ वरच्या ओळीत येऊन गेलाय. एका ओळीतलं अक्षर दुसऱ्या ओळीत पुन्हा वापरणं दोष मानतात.

रचनेतही खोट आहे. ‘स्वेइ-युए’ म्हणजे वर्षं आणि महिने, दोन समान दर्जाची नामं शेजारी. ‘थ्येन-श्या’ म्हणजे आकाशाखालचं, तिथे एक शब्द दुसऱ्याला टेकलेला. दोन्ही नामंच, पण आतली बांधणी वेगळी.

दुरुस्ती क्रियापदापासून करा. वर त्संग दोनदा आलाय, म्हणून खालीही एकच क्रियापद त्याच दोन जागांवर दोनदा यायला हवं. तिथे विषम सुराचं ‘मान’ (भरणं) बसवलं की दोन जागा एकदम सुटतात. मग थ्येन-श्याच्या जागी ‘छ्येन-खुन’: आकाश आणि पृथ्वी, समान दर्जाची जोडी, शेवट समावर. शेवटी ‘च्या’ म्हणजे घर ठेवलं तरी सुराला चालतं. ‘मन’ म्हणजे दार मला जास्त आवडतं, कारण ओळ दारावरच लागणार आहे.

अर्थावरच भर दिला की आणखी एक दोष हमखास शिरतो. दोन्ही ओळी एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगू लागतात. चिनीत त्याला ‘हात जोडणं’ म्हणतात, दोन तळवे एकमेकांवर टेकल्यासारखं. वरच्या ओळीत काळ आणि आयुष्य आहे, खालच्या ओळीत जागा आणि दार, म्हणून ही जोडी त्यातून सुटते.

आणि सातव्या अक्षराचा सूर पट्ट्या दारावर लावतानाही कामाला येतो. विषमावर संपणारी पट्टी वरची, ती दाराकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताला. चौकटीवरची आडवी चार अक्षरं डावीकडून उजवीकडे लिहिली असतील, तर मात्र वरच्या ओळीची पट्टी डावीकडे लावतात.