"पाय अधू असेल तर कुठलीही ऑटोमॅटिक घ्या" म्हणे!

"पाय अधू असेल तर कुठलीही ऑटोमॅटिक गाडी घ्या, काम झालं. उजवा पाय चालत नसेल तर डाव्या पायाने दोन्ही पेडल दाबायची सवय होते. नाहीच जमलं तर वेल्डरकडून पेडलला रॉड लावून घ्या, आरटीओवाले काही विचारत नाहीत. हँड कंट्रोल बसवू नका, घरातल्या बाकीच्यांना गाडी चालवता येत नाही."

हा मेसेज माझ्या मावसभावाला तिघांनी पाठवला. त्याचा उजवा पाय पोलिओचा, कॅलिपर लावतो, आणि हे वाचून तो गाडी बुक करायला निघाला होता!

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, मान्य. फक्त डावा पाय कमजोर असेल तर क्लच नसलेली गाडी पुरते. पण "कुठलीही" नाही. एएमटी प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये आत क्लच असतोच, फक्त तो मशीन दाबतं, त्यामुळे चढावर गाडी मागे सरकू शकते. हँड कंट्रोलमध्ये तर एकच दांडा पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की ॲक्सिलरेटर (काहींत फिरवायचा असतो), म्हणजे मधल्या क्षणी दोन्ही सुटलेले. अशा वेळी हिल होल्ड ब्रेक साधारण दोन सेकंद धरून ठेवतं, म्हणून ते आहे का हे आधी विचारा.

आता दुसरं वाक्य, हे लिहिणाऱ्याने एकदा करून बघावं. डावा पाय ब्रेकवरून पलीकडे ॲक्सिलरेटरवर न्यायचा म्हणजे कंबर पिळून बसायचं, आणि खाली उजव्या पायाचा कॅलिपरवाला बूट तिथेच पडलेला, तो ब्रेकखाली अडकला की संपलं. यावर सरळ उपाय आहे: ब्रेकच्या डावीकडे दुसरा ॲक्सिलरेटर बसवतात आणि मूळच्या पेडलवर गार्ड लावतात, म्हणजे निर्जीव पाय चुकून त्यावर पडत नाही. भावासाठी हेच ठरलंय, हँड कंट्रोलची त्याला गरजच नाही, ते दोन्ही पाय कमजोर असणाऱ्यांसाठी. बुकिंगआधी बंद गाडीत कॅलिपर लावून बसा, डाव्या पायाने ब्रेक पूर्ण दाबा, गुडघा स्टिअरिंगखाली अडतो का बघा.

वेल्डरबद्दल काय बोलायचं, वेल्ड सुटला की ब्रेकच गेला. आणि आरटीओ विचारतं बरं का. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीची वेगळी व्याख्याही कायद्यात आली. बदलाची नोंद आरसीवर करून घ्या, नाहीतर अपघातानंतर विमावाल्यांना आयतं कारण मिळतं.

राहिलं घरच्यांचं. हँड कंट्रोलमध्ये खालची पेडलं तशीच चालू राहतात, कोणीही चालवावी. जपायचं ते डाव्या ॲक्सिलरेटरच्या गाडीत: दुसऱ्याला किल्ली देण्याआधी ते पेडल दुमडा किंवा काढा, कारण आयुष्यभर गिअरची गाडी चालवलेला माणूस क्लच समजून नेमका तिथेच पाय दाबतो.