टाळूची फाट नेमकी कोणत्या पायरीवर पडते? – एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “मॅडम, ओठ आणि टाळू दुभंगण्याचे कारण म्हणून तुम्ही ‘फ्यूजन झाले नाही’ एवढेच लिहिले आहे. हे कारण नव्हे, घडलेल्या गोष्टीला दिलेले नाव आहे. फ्यूजनच झाले नसेल, तर सबम्यूकस क्लेफ्टमध्ये वरची म्यूकोसा अखंड कशी दिसते? आणि पिएर रॉबिनमध्ये जीभ आड येते असे आम्हाला शिकवतात. मग त्यात फ्यूजनचा दोष कुठे?” – एक विद्यार्थी, बीडीएस तृतीय वर्ष

उत्तर:

तुमची दोन्ही उदाहरणे सेकंडरी पॅलेटची, म्हणजे इन्सायझिव्ह फोरामेनच्या मागच्या टाळूची आहेत, म्हणून आधी तिथलेच बोलू. ही टाळू जुळण्यापूर्वी आणि जुळल्यानंतरही काही गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात. त्यांपैकी कोणतीही एक चुकली, तरी आपल्यासमोर येते ती फाटच. तिचे रूप मात्र पायरीनुसार बदलते.

सहाव्या आठवड्यात दोन्ही मॅक्सिलरी प्रॉमिनन्सच्या आतल्या बाजूंनी पॅलेटल शेल्फ फुटतात. त्या एकमेकींकडे न वाढता खाली, जिभेच्या दोन्ही बाजूंना वाढतात, कारण त्या वेळी तोंड आणि नाक यांची पोकळी एकच असते आणि ती जिभेने जवळजवळ भरलेली असते. सातव्या-आठव्या आठवड्यात या उभ्या शेल्फ जिभेच्या वर येऊन आडव्या होतात. त्यांच्या मेसेन्काइममध्ये हायल्युरोनान साठते, ते पाणी ओढून घेते आणि शेल्फला आतून ताठरपणा येतो. त्याच सुमारास खालचा जबडा पुढे वाढतो आणि जीभ खाली व पुढे सरकते. शेल्फचे बळ आणि जिभेने मोकळी केलेली जागा या दोन्ही गोष्टी वेळेत जमून याव्या लागतात. मुलींमध्ये शेल्फ साधारण आठवडाभर उशिरा आडव्या होतात, आणि ओठ शाबूत असून केवळ टाळू दुभंगण्याचे प्रमाण मुलींमध्ये जास्त असण्याचे कारण म्हणून बहुधा हाच उशीर सांगितला जातो.

पॅरिसचे स्टोमॅटोलॉजिस्ट पिएर रॉबिन यांनी 1923 मध्ये ज्या बाळांकडे लक्ष वेधले, त्यांच्यातील बिघाड प्रामुख्याने याच पायरीवरचा मानला जातो. मेकेल्स कार्टिलेज आणि त्याभोवतीचा खालचा जबडा अपुरा वाढल्यामुळे जीभ वरच राहते आणि शेल्फना आडवे व्हायला जागा मिळत नाही. पुढे जबडा वाढला, तरी तोपर्यंत डोके रुंद झालेले असते आणि शेल्फच्या कडा एकमेकींपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे येथे फ्यूजनची यंत्रणा बिघडलेली असतेच असे नाही. तिला काम करण्याची संधीच मिळालेली नसते. अशा बाळाची फाट बरेचदा रुंद आणि पुढच्या टोकाला गोलाकार, म्हणजे यू-आकाराची असते. हा आकार पुरावा म्हणून वापरताना मात्र सावध राहावे, कारण लहान जबड्याच्या प्रत्येक बाळाची टाळू दुभंगलेली नसते आणि काही बाळांमध्ये जबडा व शेल्फ या दोन्हींवर एकाच जनुकीय दोषाचा परिणाम झालेला असतो.

शेल्फ आडव्या होऊन एकमेकींना टेकल्या, तरी काम संपत नाही. दोन्ही कडांवरील एपिथेलियम चिकटून मध्यरेषेवर एक शिवण तयार होते. ती नाहीशी झाल्याशिवाय दोन्ही बाजूंचे मेसेन्काइम एक होत नाही. या पायरीत टीजीएफ-बीटा 3 या प्रथिनाचा वाटा किती मोठा आहे, हे 1995 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. ज्या पिल्लांमध्ये त्याचे जनुक निकामी केले होते, त्यांच्या शेल्फ उठल्या, एकमेकींजवळ आल्या, पण शिवण विरघळली नाही आणि पिल्ले दुभंगलेल्या टाळूसह जन्मली. ज्याला काटेकोर अर्थाने ‘फ्यूजनचा दोष’ म्हणावे, तो हा. निरोगी नवजात बाळाच्या टाळूच्या मध्यरेषेवर जे पांढरे मोत्यासारखे दाणे दिसतात, ते याच शिवणीत अडकून राहिलेल्या एपिथेलियमचे असतात. आईवडील त्यांना दात समजून घाबरतात.

माणसात हे जुळणे इन्सायझिव्ह फोरामेनच्या मागून सुरू होऊन मागे सरकते आणि साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पडजिभेशी संपते. म्हणून अर्धवट फाट मागच्या बाजूला सापडते आणि तिचे सर्वांत सौम्य रूप म्हणजे दुहेरी पडजीभ. मागची टाळू अखंड आणि पुढे तेवढे भोक असे दिसले, तर ते जन्मजात मानण्याआधी जुन्या शस्त्रक्रियेची किंवा संसर्गाची चौकशी करावी.

आता तुमचा पहिला प्रश्न. सबम्यूकस क्लेफ्टमध्ये म्यूकोसा जुळलेली असते, पण तिच्या आतील स्नायू मध्यरेषेवर एकत्र आलेले नसतात. लिव्हेटर व्हेली पॅलाटिनाय हा स्नायू दुसऱ्या बाजूच्या जोडीदाराला मिळून आडवी पट्टी बनवण्याऐवजी पुढे वळून हार्ड पॅलेटच्या मागच्या कडेला चिकटतो. समजा, सहा वर्षांचा मुलगा किडलेल्या दाढेसाठी आला आहे, तो नाकातून बोलतो, आणि तान्हेपणी दूध नाकातून यायचे असे आई सांगते. पडजीभ दुहेरी आहे, मऊ टाळूच्या मध्यावर निळसर पातळ पट्टा दिसतो आणि बोट फिरवल्यावर हार्ड पॅलेटच्या मागच्या कडेला खाच लागते. कठीण टाळूचा बहुतेक भाग नीट आहे, म्हणजे शेल्फ उठल्या आणि टेकल्याही. बिघाड अगदी मागच्या आणि शेवटच्या टप्प्यावर, हाड व स्नायू मध्यरेषेपर्यंत पोहोचण्यात झाला. हे टिपून ठेवण्याला व्यवहारात अर्थ आहे, कारण अशा मुलाचे अॅडिनॉइड्स नेहमीच्या पद्धतीने काढले, तर घशाची मागची पोकळी वाढून बोलणे आणखी अनुनासिक होऊ शकते.

ओठाची गोष्ट वेगळी आणि आधीची आहे. मेडियल नेझल आणि मॅक्सिलरी प्रॉमिनन्स सातव्या आठवड्याच्या अखेरपर्यंत जुळून वरचा ओठ आणि प्रायमरी पॅलेट पूर्ण होतात, म्हणजे शेल्फ आडव्या होण्याचे काम संपण्याआधीच. ओठ जुळला नाही, तर जबड्याच्या पुढच्या भागाची ठेवण बदलते आणि मागच्या शेल्फना एकमेकींपर्यंत पोहोचणे अवघड होते. त्यामुळे ओठाबरोबर टाळूही दुभंगण्याचे प्रमाण मोठे आहे. डेन्मार्कचे पॉल फो-अँडरसन यांनी 1942 मध्ये कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवले, की ओठाची फाट, मग ती टाळूसह असो वा टाळूविना, आणि केवळ टाळूची फाट हे आनुवंशिकदृष्ट्या सामान्यतः वेगळे गट आहेत. उत्तरपत्रिकेत या दोन्हींना एकाच कारणाखाली लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिस्टरी घेताना एक हिशेब सांभाळा. वर दिलेले सर्व आठवडे फलनापासूनचे आहेत. प्रसूतितज्ज्ञ शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे त्यांचा आकडा साधारण दोनाने जास्त असतो. ‘पाचव्या महिन्यात ग्रहण लागले तेव्हा मी भाजी चिरली’ असे आपल्याकडे अनेक आया अपराधी स्वरात सांगतात. त्यांना हे शांतपणे सांगता येते, की पाचव्या महिन्यात ओठ आणि टाळू दोन्ही घडून झालेले असतात. फेनिटॉइनसारख्या औषधांबद्दल मात्र विचारावे, आणि तारखेचा उल्लेख कोणत्या मोजणीने आहे ते केसपेपरवर लिहावे.